आजोबांच्या गौळणीचे शब्द कॅसेटमधून काढताना

आमचे आजोबा भजनी बुवा होते, मालवण तालुक्यात खाडीकाठच्या गावात. पेटी घेऊन बसायचे आणि अभंग, गजर, गौळण असं सगळं म्हणायचे, त्यातल्या काही गौळणी त्यांनी स्वतः रचलेल्या होत्या. त्यांची एक लाल पुठ्ठ्याची वही होती पण घर दुरुस्तीला काढलं तेव्हा पेटाऱ्यात ती वाळवीने खाल्लेली निघाली, हातात घेतली तर भुगाच झाला. उरली ती एकच कॅसेट, 1992 च्या गणपतीत घरच्या भजनाला कोणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेली. त्यात त्यांची एक गौळण आहे, साधारण 9 मिनिटांची, आणि तिचे पूर्ण शब्द आता घरात कोणालाच येत नाहीत. बाबांना धृपद येतं, पुढे नुसतं गुणगुणतात. नेटवर शोधायचा प्रश्नच नाही, कारण हे पद आमच्या वाडीबाहेर कधी गेलंच नाही.

आधी मी साधं कानाने ऐकून लिहायला बसलो होतो. एका संध्याकाळी सहा ओळी झाल्या, त्यातल्याही दोन अर्धवट. म्हणून म्हटलं की बोललेलं लिहून देणारं सॉफ्टवेअर वापरून निदान कच्चा मसुदा तरी मिळतो का बघूया. त्यात मला दोन रविवार आणि मधल्या बऱ्याच रात्री गेल्या. जे कळलं ते इथे लिहितोय, कारण घराघरात अशा कॅसेट पडलेल्या आहेत आणि गाण्यावर हे सॉफ्टवेअर नेमकं कुठे घसरतं ते आधी माहीत असेल तर बराच वेळ वाचेल.

मी व्हिस्पर वापरलं. 2022 मध्ये ते सगळ्यांसाठी मोकळं झालं आणि आपल्या लॅपटॉपवर फुकट चालवता येतं. कॅसेटची पूर्ण एक बाजू तशीच्या तशी त्याला दिली. सुरुवातीची दोन मिनिटं नुसती पेटी आणि पखवाज आहे, तिथे त्याने चार वेळा "धन्यवाद" लिहिलं, मग बराच वेळ हिंदी वाटेल असं काहीतरी आलं आणि मग एकच ओळ खाली खाली तीस-चाळीस वेळा. आजोबांचा एक शब्दसुद्धा ओळखू येत नव्हता. मला वाटलं कॅसेटच गेलीय. पण तीच कॅसेट बाबांना लावून दिली की ते लगेच धृपद म्हणायला लागतात, म्हणजे माणसाच्या कानाला पुरेल एवढं त्यात आहे, मशीनलाच ते पोचत नाहीये.

हे असं का होतं ते शोधत गेलो. व्हिस्पर शिकलंय ते 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर आणि त्या आवाजासोबत नेटवर असलेल्या मजकुरावर, म्हणजे सबटायटल वगैरे. त्यातलं बहुतेक बोलणं आहे. जिथे नुसतं संगीत चालू असतं तिथे सबटायटल लिहिणारे एक तर काहीच लिहित नाहीत, नाहीतर व्हिडिओच्या शेवटी असतं तसं धन्यवाद, बघितल्याबद्दल आभार असलं काहीतरी असतं. म्हणजे शब्द नसलेलं संगीत आलं की आभार मानायचे ही सवय त्याला तिथूनच लागली असणार. शिवाय ते आवाज 30-30 सेकंदांच्या तुकड्यांत वाचतं आणि मागच्या तुकड्यात लिहिलेलं पुढच्यासाठी संदर्भ म्हणून धरतं, त्यामुळे एकदा चुकीची ओळ लिहिली की पुढच्या तुकड्यातही तीच आठवत राहते आणि मग तो चाळीस वेळांचा फेरा सुरू होतो. भाषा कोणती हेही ते पहिल्या 30 सेकंदांवरून ठरवतं, आणि माझ्या फाईलीत तिथे पेटी होती. त्यामुळे भाषा आपणच सांगायची आणि मागचा संदर्भ बंद करायचा, एवढं केलं तरी निम्मा कचरा जातो.

```
whisper tukda.wav --model large-v2 --language mr --condition_on_previous_text False
```

पण हा झाला सॉफ्टवेअरच्या सवयींचा भाग. खरी अडचण गाण्यातच आहे आणि ती मला आवडली सुद्धा, कारण तिच्यामुळे आजोबा काय करत होते ते पहिल्यांदा नीट ऐकलं.

बोलताना शब्द ओळखू येतो तो बराचसा व्यंजनांवरून, त, थ, भ, स यांच्या छोट्या धक्क्यांवरून. गाताना स्वर ताणला जातो आणि व्यंजन आहे तेवढंच राहतं, कधी कधी अजून लहान होतं. आजोबा "खाडीच्या" म्हणताना खा वर जवळजवळ तीन सेकंद फिरतात आणि डीच्या एका झटक्यात संपवतात. मशीनला तीन सेकंद आ ऐकू येतो, मग त्याला वाटतं एक शब्द संपला, दुसरा सुरू झाला.

दुसरी गोष्ट खास आपल्या भाषेची आहे. आपण बोलताना अक्षरातला अ खातो. लिहितो "भरती", म्हणतो "भर्ती". लिहितो "वर", म्हणताना शेवटचा र पाय मोडल्यासारखाच येतो. गाताना मात्र प्रत्येक अक्षराला सूर द्यावा लागतो म्हणून तो खाल्लेला अ परत येतो, भ-र-ती असे तीन वेगळे ठोके पडतात आणि "वर" चं "वरा" होतं. आपल्याला लहानपणापासून आरत्या ऐकून याची इतकी सवय असते की हे जाणवतही नाही, पण बोलण्यावर शिकलेल्या मशीनसाठी "वरा" हा वेगळाच शब्द आहे.

तिसरी गोष्ट साथीची. पेटी बुवांच्या गळ्याच्या मागे सुरासूर चालते, तिचं कामच ते आहे. गळ्यातून येणारा सूर आणि पेटीचा सूर एकच असतो, आणि आपण आ म्हणतोय की ओ म्हणतोय हे ठरतं त्या सुराच्या वरचे कोणते उपस्वर तोंडाच्या आकाराने मोठे होतात त्यावरून. पेटीच्या पत्तीचा आवाज उपस्वरांनी खच्चून भरलेला असतो, त्यामुळे तोंडाने जो फरक केला तो पेटीच्या भरावात बुजून जातो. त्यात आजोबा काळी चारला गायचे, तार षड्जाला लागले की सूर 400 हर्ट्झच्या वर जातो आणि उपस्वर एकमेकांपासून इतके लांब पडतात की उ आणि ओ मधला फरक सांगायला मधे काही उरतच नाही. वरच्या सुरात माणसालाही शब्द कमी कळतात ते यामुळेच. आणि टाळ! टाळेचा आवाज वरच्या पट्टीत पसरतो, नेमका स, श, च, त जिथे असतात तिथेच, आणि टाळ पडते ठोक्यावर, व्यंजनही पडतं ठोक्यावरच. म्हणजे शब्द ओळखायला जी जागा सगळ्यात महत्त्वाची बरोब्बर तिथेच टाळ बसते. दहा टाळकरी असले की काय होत असेल विचार करा.

आता मी काय केलं ते.

पहिलं काम परत कॅसेटकडे जायचं होतं. ती आधी एका दुकानातून एमपी3 करून घेतली होती, फाईल छोटी होती आणि खरखर काढून "साफ" केलेली होती. ऐकायला बरी वाटायची पण त्या साफसफाईत खरखरीबरोबर स आणि श सुद्धा गेले होते, कारण मशीनच्या दृष्टीने दोन्ही सारखेच सूं सूं आवाज. म्हणून मित्राकडून जुना डेक आणला आणि स्वतः भरली, 44.1 किलोहर्ट्झ 16 बिट वेव्ह फाईल, कसलीही सफाई न करता. डेकच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, ज्याने हेडचा तिरपेपणा बदलतो. कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याचा हेड थोडा वेगळ्या कोनात असेल तर आपल्या डेकवर आवाज मंद, गोधडीखालून आल्यासारखा येतो. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी किंचित किंचित फिरवायचा आणि टाळ सगळ्यात लखलखीत जिथे वाजते तिथे थांबायचं. यानेच मला सगळ्यात जास्त फरक मिळाला, पुढच्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त. (चांगली कॅसेट घालण्याआधी एखाद्या फालतू कॅसेटवर हात बसवून घ्या.)

अजून एक बारीकशी गोष्ट. मूळ रेकॉर्डिंग एकाच माइकचं असलं तरी स्टिरिओ डेकमधून डावं-उजवं असे दोन ट्रॅक येतात आणि दोघांत किंचित वेळेचा फरक राहतो. दोन्ही एकत्र करून मोनो केलं की वरचे आवाज एकमेकांना खातात. आणि व्हिस्पर फाईल घेताना नेमकं हेच करतं, दोन्ही एकत्र. म्हणून ज्या बाजूचा आवाज स्वच्छ तीच घ्यायची आणि दुसरी सोडून द्यायची. माझी डावी चांगली होती.

```
ffmpeg -i kaset.wav -af "pan=mono|c0=c0" dava.wav
```

मग गळा वेगळा काढायचा. त्यासाठी डीमक्स वापरलं, ते गाण्यातून आवाज आणि वाद्यं अशा दोन फाईली करून देतं.

```
demucs --two-stems=vocals dava.wav
```

साध्या लॅपटॉपवर गाण्याच्या लांबीच्या दीडपट वेळ लागतो, म्हणजे 9 मिनिटांच्या पदाला पंधरा मिनिटांच्या आत होतं. टाळ बऱ्यापैकी गेली, पखवाज जवळजवळ पूर्ण गेला, पेटी मात्र राहिली. या प्रकारची सॉफ्टवेअर मुख्यतः पाश्चात्य गाण्यांवर शिकलेली आहेत, ड्रम, बास, गिटार, गायक अशी विभागणी असलेल्या, आणि गळ्याला चिकटून चालणारी पेटी त्यांना गळ्याचाच भाग वाटते. टाळ काढताना थोडे स आणि त पण कापले गेले, त्या जागी पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज येतो. म्हणून मी काय केलं, वेगळ्या काढलेल्या गळ्यात मूळ रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात परत मिसळलं, टाळ मागे कुठेतरी वाजतेय इतपतच, आणि प्रत्येक तुकडा दोन्ही प्रकारे चालवून बघितला, नुसता गळा आणि मिसळलेला. काही ओळी एकात बऱ्या आल्या, काही दुसऱ्यात. नेहमी हेच चांगलं असा नियम मला सापडला नाही.

यानंतर तुकडे पाडले आणि इथून पुढे मसुदा दिसायला लागला. ऑडॅसिटी नावाच्या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून आजोबा जिथे श्वास घेतात तिथे तिथे कापलं, एका तुकड्यात एक ओळ, साधारण 8 ते 12 सेकंद, दोन्ही टोकांना अर्धा सेकंद शांतता. नुसत्या वाद्यांच्या जागा टाकूनच दिल्या, मग धन्यवाद वगैरे यायचा प्रश्नच नाही. प्रत्येक तुकड्याच्या नावातच तो कितव्या मिनिटाला आहे ते लिहिलं, हे पुढे फार उपयोगी पडलं.

तुकडे निवडताना कळलं की एकच ओळ पदात खूप वेगवेगळ्या तऱ्हेने येते. पहिल्यांदा बुवा एकटे संथ लयीत म्हणतात, मग टाळकरी उचलतात, मग बुवा फिरवून फिरवून म्हणतात, मग लय वाढते आणि शेवटी सगळे मिळून जोरात. मला वाटलं होतं सुरुवातीचं एकट्याचं संथ म्हणणं सगळ्यात स्वच्छ येईल. तसं झालं नाही. संथ लयीत स्वर फार ताणलेले, आणि कोरसमध्ये सात-आठ जण एकाच शब्दावर थोडे पुढेमागे पडतात त्यामुळे व्यंजन पुसलं जातं. सगळ्यात चांगलं आलं ते मधल्या लयीतलं, जिथे लय थोडी वाढलीय पण टाळकरी अजून थांबलेत आणि बुवा ओळ सरळ सांगतायत. तिथे एका सेकंदातली अक्षरं जवळजवळ बोलण्याइतकी होतात. हे लक्षात आल्यावर संथ तुकडेही थोडे पळवून बघितले, सूर न बदलता.

```
ffmpeg -i tukda.wav -filter:a atempo=1.3 jalad.wav
```

1.3 ला काही ओळींत एखाददुसरा शब्द सुधारला, 1.6 ला गेलो तर बिघडलंच. तान असेल तिथे याचा काही उपयोग नाही.

आता खरी युक्ती. धृपद पदात अकरा वेळा येतं. मशीनला एकच ओळ परत परत आली की ते गोंधळतं, पण आपण तीच ओळ अकरा वेगळे तुकडे म्हणून दिली तर आपल्याला अकरा साक्षीदार मिळतात, आणि टाळ दर वेळी त्याच अक्षरावर तितकीच जोरात पडत नाही. त्यातले पाच बरे निकाल असे होते:

तरी वर थांबली राधा गोरी

तरीही वर आंबली राधा गोरी

घरी वर थांबली राधा गौरी

तरी वारा थांबली राधा गोरी

तरी वरा थांबली आधा गोरी

हे एकाखाली एक लिहून उभं वाचायचं. थांबली चारदा, राधा चारदा, गोरी चारदा, ते पक्कं. "आंबली" म्हणजे थ वर टाळ पडलीय. वर, वरा, वारा हे सगळं एकच, तो गाण्यात परत आलेला अ. राहिलं "तरी". "तरी वर थांबली" याचा शहरातल्या माणसाला काही अर्थ लागणार नाही, पण आमच्याकडे खाडी ओलांडायच्या होडीला "तर" म्हणतात, पूल व्हायच्या आधी सगळा गाव तरीनेच पलीकडे जायचा. "तरीवर थांबली राधा गोरी". दुसरी ओळ बाबांना येतच होती, "कान्हा नाही आला खाडीच्या पारी". आजोबांनी यमुनेच्या जागी आपली खाडी घातली होती. बाबा इतकी वर्षं ते "तरीही" म्हणत होते, त्यांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

अंतरे एवढे सोपे गेले नाहीत, कारण ते दोन किंवा तीनदाच येतात. तिथे मी मशीनला आधी शब्द सुचवून बघितले, तशी सोय आहे.

```
whisper tukda.wav --model large-v2 --language mr --initial_prompt "गौळण. राधा, कान्हा, तर, खाडी, शीड, होडी."
```

यात जागा कमी असते, 224 टोकन, म्हणजे मशीन मजकुराचे जे छोटे तुकडे पाडतं ते, आणि देवनागरी अक्षरं टोकन भराभर खातात, त्यामुळे थोडेच आणि नेमके शब्द द्यायचे. "शीड" दिल्यावर "शीड पडले, अंग हे कापे" ही ओळ आली, आधी तिथे "शेत पडले" येत होतं. पण याचा धोका लगेच दिसला. एका तुकड्यात जिथे मला स्वतःला "ओढी" ऐकू येत होतं तिथे मशीनने "होडी" लिहिलं, कारण मी ते सुचवलं होतं. म्हणून प्रत्येक तुकडा सुचवलेल्या शब्दांसह आणि त्यांच्याशिवाय असा दोन्ही वेळा चालवायचा, आणि जो शब्द फक्त सुचवल्यावरच येतो त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं.

दुसऱ्या अंतऱ्यात जे झालं ते सांगण्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. त्या ओळीचा निकाल आला:

भक्ती सरली लागली मुक्ती

घरची वाट सासू बोलती

पहिली ओळ वाचून मला आनंद झाला. स्वच्छ, अर्थपूर्ण, भजनात शोभणारी. तिन्ही तुकड्यांत जवळजवळ तशीच आली, म्हणजे माझ्या साक्षीदारांच्या हिशोबानेही पक्की. मी ती मसुद्यात ठळक अक्षरात लिहून ठेवली, आणि प्रश्नचिन्हाच्या ओळी घेऊन पखवाज वाजवणाऱ्या तात्यांकडे गेलो. ते आता 78 वर्षांचे आहेत आणि त्या 1992 च्या भजनाला हेच होते साथीला. नशीब की मी मसुदा वरपासून वाचून दाखवत होतो. या ओळीला त्यांनी हात वर केला.

"परत लाव बघया."

लावलं. डोळे मिटून मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकलं त्यांनी.

"अरे झिला, भक्ती खंयची? भरती! भरती सरली, लागली सुकती. होडी चिखलात बसली मा, म्हणान राधा अडाकली."

भरती आणि सुकती. खाडीचं पाणी उतरलं, होडी चिखलात रुतली, आता कान्हा आला तरी पलीकडे जाता येणार नाही आणि घरी परतावं तर सासू बोलणार, असा सगळा प्रसंग आहे. "भक्ती-मुक्ती" ने तो प्रसंगच पुसून टाकला होता.

हे कसं झालं? असं सॉफ्टवेअर नुसतं ऐकत नाही, कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द यायची शक्यता जास्त याचाही अंदाज बांधतं. आवाज स्वच्छ असेल तर कानावर चालतं, आवाज धूसर झाला की अंदाजावर. भ आणि ती ऐकू आलं, मधला र टाळेखाली गेला, राधा-कान्ह्याचं पद आहे, मग "भक्ती" च असणार. आणि एकदा "भक्ती सरली लागली" झालं की पुढे "मुक्ती" आपोआप आलं. सुकती हा शब्द तर त्याने कधी वाचलाही नसेल. तिन्ही तुकड्यांत तेच आलं कारण तिन्ही वेळा अंदाज एकाच बाजूला ओढत होता. म्हणजे साक्षीदारांची युक्ती टाळेच्या चुका पकडते, अंदाजाच्या चुका पकडत नाही.

घरी येऊन मी विचार करत बसलो की तात्या नसते तर हे मला कशावरून कळलं असतं. परत ऐकलं तेव्हा सापडलं, आणि ते अगदी साधं आहे. अक्षरं मोजायची. "मुक्ती" मध्ये दोनच अक्षरं, मुक्-ती. टेपवर आजोबा तिथे तीन वेगळे सूर घेतात, सु-क-ती, आणि तात्यांच्या पखवाजाचे तीन बोल त्याखाली स्पष्ट पडतात. "भक्ती" चंही तसंच, भ-र-ती हे तीन ठोके आहेत. जिथे मशीनच्या ओळीतली अक्षरं आणि टेपवरचे ठोके जुळत नाहीत तिथे ओळ कितीही सुंदर दिसली तरी संशय घ्यायचा. मग मी सगळ्या ओळी तशा तपासल्या, आवाज निम्म्या वेगाने लावून प्रत्येक अक्षराला टेबलावर बोट आपटत. अजून एक ओळ पकडली गेली, "सासू बोलती" ची. तिथे "घरची वाट" नव्हतं, "घरच्या वाटेला" होतं, एक अक्षर जास्त.

टाईप करायच्या वेळी एक गोष्ट सोयीची पडली तीही सांगतो. ओळ आपल्याला कळली की हेडफोनवर ऐकत ऐकत ती आपल्या साध्या आवाजात, सूर न लावता, फोनच्या व्हॉइस टायपिंगला बोलायची. बोलणं ते चांगलं लिहितं, मराठीत सुद्धा. मी उरलेलं सगळं पद असंच उतरवलं, टायपिंगचा त्रास वाचला. फक्त मालवणी शब्द हाताने दुरुस्त करावे लागले, "सुकती" ला तिथेही दर वेळी "सुटती" नाहीतर "चुकती" येत होतं.

शेवटी हिशोब असा झाला. पदात वेगळ्या ओळी 14. मशीनच्या मसुद्यातून थोड्या दुरुस्तीने मिळाल्या 7. सहा ओळींत त्याने अर्धवट काहीतरी दिलं, त्या आधाराने परत परत ऐकून आणि तात्यांना विचारून पूर्ण झाल्या. "भरती-सुकती" मी या सहांतच धरलीय. मशीनशिवाय जमलं असतं का, कदाचित जमलं असतं, पण ओळींचे तुकडे वेळेसकट हाताशी असल्यामुळे तात्यांसमोर बसून "6 मिनिटं 40 सेकंदाचं परत लावतो" असं करता आलं, आणि चुकीची का होईना ओळ समोर असली की माणसाला बरोबर काय ते पटकन आठवतं. तात्यांना आधी नुसतं विचारलं होतं तेव्हा काहीच आठवत नव्हतं. "भक्ती" ऐकल्यावर भरती आठवली.

एक ओळ राहिलीय, तिसऱ्या अंतऱ्याची पहिली. तिथे टेप चुरगळलीय, दीड सेकंद आवाज बुडतो, आणि ती ओळ आजोबांनी एकदाच म्हटलीय, त्या वेळी टाळकऱ्यांनी उचलली नाही. मशीन तिथे दर वेळी वेगळीच छान ओळ देतं, पाच वेळा चालवलं तर पाच ओळी. त्यातली एकही मी घेतली नाही. वहीत तिथे रिकामी रेघ ठेवलीय आणि पुढे वेळ लिहिलीय, 7:52. पलीकडच्या गावच्या मंडळाकडे त्याच वर्षीच्या डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याची, एक कॅसेट असल्याचं तात्या म्हणाले, पुढच्या महिन्यात जाणार आहे विचारायला.